सासनकाठी दोनदा दिसते: जुन्या टेपच्या व्हिडिओतला कंगवा आणि धक्के कसे घालवायचे

आमच्या मामांकडं जोतिबाच्या चैत्र यात्रेची १९९७ सालची एक व्हीएचएस टेप आहे. गावची सासनकाठी डोंगरावर नाचवताना पुढं मामा, मागं दोर धरलेली पोरं, सगळीकडं गुलाल. त्या टेपमध्ये आजोबा चालताना दिसतात, आणि त्यांचं दुसरं कुठलंच हलतं चित्र आमच्याकडं नाही. म्हणून ती टेप आम्ही शहरातल्या एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर आणली. घरी टीव्हीला लावली आणि पाच मिनिटांत मामा म्हणाले, "आरं, ही कुणी कंगव्यानं विंचरलीया काय? आणि काठी अशी अडखळत का चाललीया? आमी काय अशी नाचवली न्हाई."

त्यांच्या या दोन वाक्यांत दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि बहुतेकांचा घोळ इथंच होतो. कंगवा म्हणजे हलणाऱ्या वस्तूच्या कडेला दिसणारे आडवे दात. धक्के म्हणजे हालचाल सलग न दिसता अडखळत जाणं. लोक एखाद्या कन्व्हर्टरमध्ये 'डीइंटरलेस' वर टिक करतात, कंगवा जातो, पण धक्के राहतात. मग फ्रेम रेट वाढवून बघतात, तर धक्के आणखी वाढतात. मीही पहिल्या आठवड्यात हेच तीन वेळा केलं. कारण समजल्याशिवाय यातून सुटका नाही, म्हणून आधी तेवढं बघू.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, असं आपण म्हणतो. पण कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघत होता. प्रत्येक वेळी तो चित्राच्या अर्ध्याच ओळी टिपायचा: एकदा वरून पहिली, तिसरी, पाचवी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर दुसरी, चौथी, सहावी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. जुना टीव्ही ही फील्ड एकामागून एक रंगवायचा, त्यामुळं डोळ्याला सेकंदाला ५० क्षण दिसायचे आणि हालचाल लोण्यासारखी मऊ वाटायची. मामांच्या डोक्यात आहे ती ही हालचाल.

संगणकात घेताना लगतची दोन फील्ड एकमेकांत विणून एक फ्रेम बनते. कोणी उभं असेल तर काहीच बिघडत नाही. पण सासनकाठीचं टोक या दोन क्षणांत हातभर सरकलेलं असतं. मग एका फ्रेममध्ये एक आड एक ओळीत काठी दोन ठिकाणी दिसते, आणि तोच कंगवा. म्हणजे कंगवा हा टेपचा दोष नाही. उलट कंगवा स्वच्छ दिसत असेल तर दोन्ही क्षण अजून शाबूत आहेत, याची ती खूण आहे.

आता टिक मारल्यावर काय होतं ते बघा. बहुतेक साध्या कन्व्हर्टरमधलं डीइंटरलेस दोन फील्डमधलं एक ठेवतं, दुसऱ्यातलं जमेल तेवढं मिसळतं आणि सेकंदाला २५ फ्रेमची फाइल देतं. कंगवा गेला, पण ५० पैकी २५ क्षण टाकून दिले. काठी उजवीकडून डावीकडं जायला एक सेकंद लागत असेल तर टेपवर तिच्या ५० जागा होत्या, फाइलमध्ये २५ उरल्या. सावकाश दृश्यात हे जाणवत नाही. लेझीम, हलगी, लग्नाची वरात, पळणारी पोरं आली की लगेच जाणवतं. त्यामुळं या टेपांसाठी माझं मत ठाम आहे: डीइंटरलेस करायचं ते ५० फ्रेमला, २५ ला नाही.

पण त्याआधी हातातली फाइल अजून दुरुस्त होण्याजोगी आहे का, ते तपासावं लागतं. दुकानातून आलेल्या आमच्या फाइलचं तेच झालं.

फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि व्हिडिओ मेनूमधून डीइंटरलेस बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण व्हीएलसी काही वेळा स्वतःच कंगवा लपवतं आणि आपल्याला वाटतं फाइल ठीक आहे. मग टूल्समधल्या कोडेक माहितीत चित्राची रुंदी-उंची आणि फ्रेम रेट बघा. आमच्या फाइलवर आकडे होते १२८० बाय ७२० आणि ३० फ्रेम. पाल टेपचं चित्र घेताना ते ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम असायला हवं. दोन्ही आकडे चुकलेले होते आणि दोन्हींचा त्रास वेगळा.

आधी ३० चं. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून जे ठरलेलं होतं तेच तसंच राहू दिलं की असं होतं. टेपवरून सेकंदाला २५ फ्रेम येतात, फाइलला ३० हव्यात, मग सॉफ्टवेअर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा छापतं. व्हीएलसीत थांबवून `e` दाबत एकेक फ्रेम पुढं गेलो. काठी सरकते, सरकते, सरकते, सरकते, सरकते, आणि सहाव्या वेळी जागची हलत नाही. पुन्हा पाच वेळा सरकते, पुन्हा एकदा थांबते. सेकंदाला असे पाच थांबे. मामांना अडखळणं दिसत होतं ते हेच.

मग ७२० उंचीचं. दुकानात चित्र एचडी करून दिलं होतं, म्हणजे ५७६ ओळी ताणून ७२० केल्या होत्या. चार ओळींच्या जागी पाच ओळी. पण कंगवा न काढता ताणलं, त्यामुळं दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या. एक फ्रेम चित्र म्हणून साठवून चारपट मोठी करून बघितली तर फरक लगेच कळतो. खरा कंगवा असेल तर दात एकसारखे दिसतात, एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं, कडा धारदार. आमच्या फाइलमध्ये काठीच्या कडेला जाड-बारीक पट्टे होते आणि मधल्या ओळी करड्या, दोन्हीकडचं अर्धं-अर्धं मिसळलेल्या. हे एकदा झालं की ओळी परत वेगळ्या करता येत नाहीत. कुठलंही डीइंटरलेस अशा फाइलवर चालवा, दात जाऊन त्या जागी धुरकट पट्टे येतात. मी दोन रात्री यात घालवल्या.

अशा वेळी मूळ कॅप्चरकडं परत जावं लागतं. दुकानात फोन करून "कन्व्हर्ट करण्याआधीची फाइल आहे का" एवढंच विचारा. आमच्या दुकानात ती पुसून टाकलेली होती. आणखी एक जागा शोधून बघा: दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी त्याच टेपची डीव्हीडी करून घेतली होती का? डीव्हीडीवर पाल चित्र सहसा ७२० बाय ५७६, फील्डसकट असतं. अशी डीव्हीडी आजच्या 'एचडी' एमपीफोरपेक्षा दुरुस्तीला कितीतरी बरी. आमच्याकडं तीही नव्हती. पण टेप होती, आणि आत्तीच्या माळ्यावर एक चालू व्हीसीआर सापडला.

घरी टेप परत घेताना यूएसबी कॅप्चरचं यंत्र आणि व्हर्च्युअलडब नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. तिथं व्हिडिओचं मानक पाल बी, माप ७२० बाय ५७६, फ्रेम रेट २५, रंगाचं स्वरूप `YUY2`, आणि साठवण हफवाययूव्हीमध्ये, म्हणजे काही न गमावता. तासाला साधारण तीस-पस्तीस जीबी जागा लागते, हे आधी मोजून ठेवा. यंत्राच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेसचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. ते काम नंतर आपण करणार. टेप लावण्याआधी एकदा पूर्ण पुढं पळवून परत मागं घेतली, कारण वीसेक वर्षं एकाच जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा राहत नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या टेपलाही जाते.

कॅप्चर चालू असताना दोन आकड्यांवर नजर ठेवा: गळालेल्या फ्रेम आणि भरीला घातलेल्या फ्रेम. तासाभरात एखाद-दुसरी गळाली तर चालतं. सारख्या गळत असतील तर यंत्र हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला लावा आणि त्याच वेळी दुसरं काही चालू ठेवू नका. एकाच ठरावीक जागी गळत असतील तर दोष टेपमध्ये आहे. त्याबद्दल पुढं येतंच.

आता हाती आली `jotiba_raw.avi`. पुढचा प्रश्न: प्रत्येक फ्रेममधलं कुठलं फील्ड आधीचं आहे, वरच्या ओळीचं की खालच्या? हे चुकलं तर ५० फ्रेम करूनही काठी दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं अशी थरथरते. कंगव्यापेक्षाही ते डोळ्याला त्रास देतं. यासाठी `ffmpeg` हे मोफत साधन वापरलं. ते खिडकी उघडून चालत नाही, फाइल जिथं आहे त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ओळ टाइप करावी लागते. हालचाल भरपूर असलेली जागा निवडा. आमच्या टेपमध्ये १२ मिनिटं ३० सेकंदांनंतर काठी वळते, ती घेतली.

```
ffmpeg -ss 00:12:30 -i jotiba_raw.avi -vf idet -frames:v 500 -an -f null -
```

शेवटी असं काहीसं येतं:

```
Multi frame detection: TFF: 463 BFF: 0 Progressive: 21 Undetermined: 16
```

`TFF` म्हणजे वरचं फील्ड आधी, `BFF` म्हणजे खालचं आधी. पाचशेपैकी ४६३ एका बाजूला आणि समोर शून्य, म्हणजे शंका नाही. एकवीस फ्रेम साध्या दाखवल्या कारण त्या क्षणी कॅमेरा देवळाच्या शिखरावर थांबला होता आणि काही हलतच नव्हतं. जागा स्थिर निवडली तर सगळेच आकडे असे येतात आणि फाइलमध्ये कंगवाच नाही असा गैरसमज होतो. `TFF` आणि `BFF` चे आकडे जवळपास सारखे आले तर टेपच्या त्या भागात गोंधळ आहे, दुसरी जागा घेऊन बघा.

आकड्यांवर भरवसा ठेवण्याआधी मी डोळ्यांनीही बघतो. फील्ड सुटी करून दाखवणारी ओळ अशी:

```
ffplay -ss 00:12:30 -i jotiba_raw.avi -vf "setfield=tff,separatefields"
```

चित्र निम्म्या उंचीचं, बसकं दिसेल. ते तसंच असतं. `s` दाबत एकेक पाऊल पुढं जा आणि फक्त काठीच्या टोकावर नजर ठेवा. टोक एकाच दिशेनं सरकत गेलं तर क्रम बरोबर. पुढं, मागं, पुढं, मागं करायला लागलं तर `tff` च्या जागी `bff` लिहून परत बघा. हे करायला एक मिनिट लागतं आणि पुढचे सहा तास वाचतात. काठी नसेल तर चालणाऱ्या माणसाचा हात, झोपाळा, पुढं जाणारी सायकल, काहीही चालेल. फक्त कॅमेरा स्वतः फिरत नसावा.

मग प्रत्यक्ष दुरुस्ती:

```
ffmpeg -i jotiba_raw.avi -vf "format=yuv422p,bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,format=yuv420p,setdar=4/3" -c:v libx264 -crf 17 -preset slow -c:a aac -b:a 192k jotiba_50.mp4
```

यातलं `send_field` हे या सगळ्याचं वर्म आहे. ते प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम बनवतं, म्हणून फाइल ५० फ्रेमची होते. त्या जागी `send_frame` लिहिलं तर २५ ची होते आणि मामा पुन्हा तेच म्हणतील. गाळलेल्या ओळी आजूबाजूच्या ओळी आणि मागची-पुढची फील्ड बघून भरल्या जातात. `setdar=4/3` नसेल तर माणसं थोडी बारीक आणि उंच दिसतात.

दोन्ही बाजूंचे `format` मी का लिहिले, ते गुलालामुळं शिकलो. पहिल्यांदा `format=yuv420p` मी `bwdif` च्या आधीच लिहिलं होतं. काठी साफ झाली, पण गुलालानं माखलेल्या सदऱ्यांच्या कडांना लाल दात तसेच होते. व्हिडिओत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी ठेवली जाते. शेवटच्या एमपीफोरसाठी ती उभ्या दिशेनं निम्मी होते. फील्ड वेगळी करण्याआधीच रंग निम्मा केला तर दोन क्षणांचे रंग एकत्र कालवले जातात, आणि तो कंगवा मग उजेडातून जातो, रंगातून जात नाही. म्हणून आधी रंग पुरता ठेवायचा, फील्ड वेगळी करायची, मगच निम्मा करायचा. करड्या, पांढऱ्या कपड्यांत हे कुणाला कळणारही नाही. लग्नाचे लाल शालू, कुंकू, गुलाल, झेंडूची तोरणं यांत लगेच दिसतं, आणि आपल्या टेपांत तेच जास्त असतं.

चित्र मोठं करायचं असेल तर तेही `bwdif` नं फील्ड वेगळी केल्यानंतरच. ते करण्याला एक सबळ कारणही आहे. नातेवाइकांना दाखवायला आम्ही यूट्यूबवर खासगी दुवा ठेवतो, आणि तिथं ५० फ्रेमची गती ७२० ओळी किंवा त्याहून मोठ्या चित्रालाच मिळते. ५७६ ओळींची फाइल चढवली तर तिथं ती पुन्हा निम्म्या गतीची होऊन जाते. म्हणून चढवण्यापुरती वेगळी प्रत करतो आणि `setdar=4/3` च्या जागी हे लिहितो:

```
scale=1440:1080,setsar=1
```

दुकानातही चित्र ताणलंच होतं. चुकला होता तो क्रम. आधी ताणून मग कंगवा काढला तर टेप गेली. आधी कंगवा काढून मग ताणलं तर काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथं ते परत दाबलं जातं.

फाइल तयार झाल्यावर मी ती माझ्या लॅपटॉपवर बघितली, आणि हलका धक्का मला अजून दिसत होता. इथं पुष्कळ जण परत पहिल्यापासून सुरू करतात. थांबा. लॅपटॉपचा पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ५० फ्रेम ६० खणांत बसवायच्या म्हणजे दर पाच फ्रेमपैकी एकीला दोन खण द्यावे लागतात. तेवढा सूक्ष्म हिसका पडद्याचा आहे, फाइलचा नाही. ओळखायची रीत तीच: `e` दाबत फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेममध्ये टोक सरकत असेल तर फाइल निर्दोष आहे. टीव्हीच्या यूएसबीला लावून बघितलं तर काठी सरळ गेली.

एडिटिंगमध्ये गाणं-नावं घालणार असाल तर प्रोजेक्ट ५० फ्रेमचा ठेवा. २५ च्या प्रोजेक्टमध्ये टाकलं की तो प्रत्येक दुसरी फ्रेम फेकतो आणि आपण जिथून निघालो तिथंच येतो.

चित्राच्या अगदी तळाशी पाच-दहा ओळींची एक फाटकी, हलती पट्टी दिसेल. ती व्हीसीआरच्या एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याची जागा आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागं ती झाकली जायची. तिचा कंगव्याशी संबंध नाही. नको असेल तर शेवटी कापा किंवा काळी करा. मी मूळ प्रतीत तशीच ठेवतो.

एक गोष्ट मात्र या ओळीनं पुरती सुटली नाही. आज्जीच्या नऊवारीचे काठ आडवे पसरतात तिथं, आणि देवळाच्या दगडी पायऱ्यांवर, बारीक आडव्या रेघा लुकलुकतात. कारण सरळ आहे. जी रेघ एकाच ओळीइतकी जाड आहे ती एका फील्डमध्ये असते आणि दुसऱ्यात नसते. यासाठी क्यूटीजीएमसी नावाची रीत आहे, ती पुढच्या-मागच्या अनेक फील्डमधून हालचाल शोधून ओळी भरते आणि लुकलुक बरीच शांत करते. हायब्रिड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती खिडकीतून निवडता येते. वेळ खूप लागतो. माझ्या जुन्या संगणकावर तासाची टेप रात्रभर चालली. सगळ्या टेपवर मी ती वापरत नाही. आज्जी पायरीवर बसून पोरांना नारळाचा प्रसाद वाटते तेवढ्या तीन मिनिटांना वापरली, आणि तिच्या लुगड्याचा काठ पहिल्यांदा स्थिर दिसला.

आता ज्यांच्याकडं टेपच उरली नाही, त्यांच्यासाठी. आमच्या आत्तीच्या मुलीच्या लग्नाची टेप ओलीनं गेली आणि उरली ती दुकानातली फाइल, ७२० बाय ५७६, पण ३० फ्रेमची. उंची शाबूत असल्यामुळं ही वाचली. दर सहा फ्रेममधली पुन्हा छापलेली एक आधी काढायची, मग फील्ड वेगळी करायची:

```
ffmpeg -i lagna_30.mp4 -vf "decimate=cycle=6,bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,setdar=4/3" -c:v libx264 -crf 17 -preset slow -c:a copy lagna_50.mp4
```

हे लागू पडतं ते थांबे ठरावीक सहाव्या फ्रेमलाच येत असतील तरच. `e` दाबून किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून बघा. कधी चौथ्याला, कधी नवव्याला असे येत असतील तर `decimate` चांगल्या फ्रेमही काढून टाकतं आणि धक्के वाढतात. आणि कंगवा आधीच एमपीफोरमध्ये जोरानं दाबलेला असेल तर दातांच्या आसपास चौकोनी डाग राहतात. ते जात नाहीत. वरातीच्या दृश्यात ते अजून आहेत, पण नवरीची बहीण फुगडी घालते ते आता सलग दिसतं.

जोतिबाच्या टेपमध्ये ४१ व्या मिनिटाजवळ काही सेकंद अजून अडखळतात. तिथं टेप चुरगळलेली आहे. व्हीसीआरमधून येणारा सिग्नल त्या जागी एवढा डळमळतो की कॅप्चरचं यंत्र फ्रेम सोडूनच देतं, आणि जी फ्रेम फाइलमध्ये आलीच नाही ती कुठल्याही फिल्टरनं परत येत नाही. ओळखू येतं असं: कंगवा नाही, एकच फ्रेम दोनदा नाही, पण टोक मधल्या दोन-तीन जागा गाळून एकदम पुढं जातं, आणि तिथून पुढं आवाज ओठांच्या किंचित पुढं-मागं होतो. यावर उपाय कॅप्चरच्या वेळीच आहे. काही व्हीसीआरमध्ये टाइम बेस करेक्टर असतो, तो प्रत्येक ओळीची वेळ सावरून मग चित्र बाहेर सोडतो. आत्तीच्या व्हीसीआरमध्ये तो नाही. तेवढा दहा मिनिटांचा भाग दुसऱ्या व्हीसीआरवर परत घेऊन जोडायचा आहे. या जागेसाठीच `jotiba_raw.avi` मी पुसलेली नाही. जोड कच्च्या फाइलमध्ये द्यायचा आणि वरची ओळ पुन्हा चालवायची.

मामांनी मधल्या काळात मिनीडीव्हीच्या चार टेपा आणून दिल्या, २००४ नंतरच्या. त्यांचं काम हलकं आहे. त्या टेपवर चित्र आधीच अंकांत असतं, फायरवायरच्या तारेनं कॅमेऱ्यातून जशीच्या तशी उतरवली की झालं. फक्त डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. जोतिबाची ओळ तशीच उचलून लावली आणि पहिल्याच दृश्यात रंकाळ्यावरचा झोपाळा पुढं-मागं थरथरायला लागला. पाल डीव्हीत रंग आधीच निम्मा असतो, म्हणून सुरुवातीचं `format=yuv422p,` काढलं. बाकी बदल एवढाच:

```
bwdif=mode=send_field:parity=bff:deint=all
```